पान उलटून पाहिल्याशिवाय: चहाच्या मळ्यातील फोटोंवरून रोग ओळखण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

निलगिरीच्या पश्चिम उतारावरच्या एका चहामळ्याची ही हकिकत. मळा मध्यम आकाराचा, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर. जूनमध्ये नैऋत्य मोसमी पाऊस लागला की तिथे आठवडेच्या आठवडे धुके हटत नाही, आणि त्या धुक्यात ब्लिस्टर ब्लाइट वाढतो. एक्झोबॅसिडियम व्हेक्सन्स नावाच्या बुरशीचा हा रोग आसामात १८६८ साली प्रथम नोंदला गेला. दक्षिण भारतात तो १९४६ मध्ये पोचला आणि तेव्हापासून तिथल्या मळ्यांचे पावसाळी वेळापत्रक त्याच्याभोवती फिरते.

या बुरशीचा एक स्वभाव पुढच्या सगळ्या गोष्टीला कारणीभूत आहे, म्हणून तो आधी सांगतो. ती फक्त कोवळ्या पानांना आणि कोवळ्या देठांना लागते. चहासाठी खुडतात तीही नेमकी कोवळी फूटच, दोन पाने आणि एक कळी. म्हणजे रोग पडतो तो थेट पिकावर. बीजाणू पानावर पडल्यावर पान कित्येक तास ओले राहिले तर तो रुजतो, आणि तीन ते दहा दिवसांत टाचणीच्या टोकाएवढा फिका, अर्धपारदर्शक ठिपका दिसू लागतो. पुढे तो वाढून गोल होतो. वरच्या बाजूला पान खोलगट आणि चकचकीत दिसते, तर खाली फुगवटा येतो. तो फुगवटा पिकला की त्याच्यावर पांढरी मखमल चढते, आणि त्या मखमलीतून नवे बीजाणू वाऱ्यावर जातात. शेवटी डाग तपकिरी होऊन वाळतो, कधी गळून भोक पडते. सारे चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरे होते.

मळ्याच्या व्यवस्थापकांचे म्हणणे साधे होते. प्लॉट चाळीसच्या वर आणि फील्ड ऑफिसर दोनच, त्यामुळे पावसाळ्यात प्रत्येक प्लॉट आठवड्यातून एकदाही नीट पाहून होत नाही. खुडणीवर देखरेख करणाऱ्या बायकांकडे फोन आहेत. त्यांनी पानांचे फोटो काढावेत आणि रोग कोणता ते फोनने सांगावे. आम्ही तिघांनी ते काम घेतले. फोटो पाहून रोग सांगणारे संगणकाचे मॉडेल शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती.

अडचण

पहिल्या पावसाळ्यात आम्ही जवळपास अडीच हजार फोटो जमवले. त्यांचे पाच गट केले: निरोगी, ब्लिस्टर ब्लाइट, जून पानांवरचे ब्राऊन आणि ग्रे ब्लाइट, रेड रस्ट, आणि टी मॉस्किटो बगने केलेले डाग. हा टी मॉस्किटो म्हणजे कोकणात काजूच्या मोहोरावर ज्याला ढेकण्या म्हणतात त्याच कुळातला रसशोषक किडा. पुढे मी त्याला ढेकण्याच म्हणणार आहे. फोटो आम्ही चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून घेतले, काही शिकवायला आणि काही परीक्षेला. परीक्षेत मॉडेलने शंभरात शहाण्णव फोटो बरोबर ओळखले. आम्ही खूश होतो.

दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, उतारावरच्या एका प्लॉटमधून आलेल्या फोटोंवर मॉडेलने ठामपणे ब्लिस्टर ब्लाइट सांगितले. व्यवस्थापकांनी तिथे कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाची फवारणी केली. फवारणीनंतर खुडणीला ठरावीक दिवस थांबावे लागते, तेही थांबले. दहा दिवसांनी फील्ड ऑफिसर तिथे गेले तेव्हा फूट आकसलेली, पाने वळलेली आणि तपकिरी ठिपक्यांनी भरलेली होती, पण फोड एकही नव्हता. तो ढेकण्या होता. बुरशीनाशकाने त्याचे काहीही बिघडले नव्हते आणि त्या दहा दिवसांत तो शेजारच्या प्लॉटमध्ये गेला होता.

त्याच आठवड्यात नुकत्या छाटलेल्या एका प्लॉटमध्ये खरा ब्लिस्टर ब्लाइट भरात आला, आणि तिथले फोटो मॉडेलने 'निरोगी' ठरवले होते. हे मला जास्त लागले. छाटणीनंतर झुडूप पुन्हा पसारा धरेपर्यंत त्याची खुडणी होत नाही. कोवळी फूट महिनोन्महिने तशीच राहते, म्हणून रोगाला ती जागा सर्वांत सोयीची असते. मळ्यात कुठे चूक चालली नसती, तर तिथे.

चूक कुठे होती

पहिला धागा एका जुन्या फोटोने दिला. ब्लिस्टरच्या गटातले फोटो सलग पाहताना लक्षात आले की निम्म्याहून अधिक पाने पांढऱ्या कागदावर ठेवलेली आहेत. कारण सरळ होते. रोगट पान दिसले की देखरेखवाली ते खुडून ऑफिसात आणायची आणि तिथे टेबलावर फोटो निघायचा. निरोगी फोटो मात्र झुडपावरच काढलेले. मग मी एक तपासणी केली. फोटोंतून पान कापून टाकले, फक्त मागचा कागद ठेवला आणि तो मॉडेलला दाखवला. मॉडेलने ब्लिस्टर ब्लाइट सांगितले, तेही पूर्ण खात्रीने. ते वर्षभर कागद ओळखत होते. उरलेल्या फोटोंत हीच गोष्ट उजेडाने केली होती: रोगाचे फोटो धुक्याच्या दिवसांतले, ओल्या पानांचे, तर निरोगी पानांचे उन्हातले. ढेकण्याच्या प्लॉटचे फोटो पावसात काढले होते आणि मॉडेलला तेवढे पुरेसे झाले.

परीक्षेत हे कळले नाही, कारण परीक्षाच फुटलेली होती. एकाच झुडपाचे चार-पाच फोटो पाठोपाठ काढले जातात. चिठ्ठ्या टाकताना त्यांतले तीन शिकवणीत गेले आणि दोन परीक्षेत. आम्ही वाटणी बदलली आणि परीक्षेचे प्लॉट पूर्णपणे वेगळे ठेवले. एका प्लॉटचा एकही फोटो दोन्हीकडे जाणार नाही अशी मांडणी केल्यावर शहाण्णवचे सत्तरच्या आसपास आले. खरा आकडा हाच होता.

दुसरे कारण मोजमापात सापडले. फोनचा फोटो लांबीत ४,००० पिक्सेलचा, आणि त्यात साधारण २५ सेंटिमीटरचा भाग मावतो. म्हणजे एका मिलिमीटरला सोळा पिक्सेल, ठिपका स्पष्ट दिसायला भरपूर. पण आमचे मॉडेल फोटो लहान करून २२४ पिक्सेलच्या चौकटीत बसवायचे. तिथे एक मिलिमीटर म्हणजे पुरता एक पिक्सेलही उरत नाही. टाचणीच्या टोकाएवढा पहिला ठिपका मॉडेलपर्यंत पोचण्याआधीच पुसला जात होता. छाटलेल्या प्लॉटमधले फोटो नेमके या अवस्थेतले होते.

तिसरे कारण मात्र संगणकापुढे बसून सापडले नसते. एका सकाळी मी देखरेखवाल्या अक्कांबरोबर ओळींतून चालत होतो. मळ्यात त्यांना सगळे अक्काच म्हणतात, वीसेक वर्षे त्या खुडणी पाहतात. माझ्या एक गोष्ट लक्षात आली. फुटीवर हात गेला की त्यांचा अंगठा आपोआप दुसऱ्या पानाखाली जातो आणि पान उलटते. नजर खालच्या बाजूवरून फिरते, पान सुटते, पुढचे झुडूप. वरची बाजू त्या जवळजवळ पाहतच नव्हत्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "वरून सगळे डाग डागच असतात. खालून बघा, म्हणजे कळेल." आमच्या अडीच हजार फोटोंत खालच्या बाजूचे फोटो शंभरही नव्हते.

काय दिसले म्हणजे काय समजायचे

पुढचे निर्णय कळण्यासाठी हे एवढे नजरेसमोर हवे.

ब्लिस्टरचा डाग गोल असतो आणि तो पानाला आकार देतो: वर खळगा, खाली फुगवटा. क्वचित उलटेही होते, खळगा खाली आणि फुगवटा वर. पण पान सपाट राहत नाही. बोट फिरवले तर उंचवटा लागतो. देठावर फोड आला तर फूट तिथेच वाकते आणि पुढे मोडते. पहिली अवस्था, म्हणजे फिका ठिपका, साध्या फोटोत फसवतो. पण पान आभाळाकडे धरले की तो तेलाचा थेंब पडलेल्या कागदासारखा उजळून दिसतो.

ढेकण्याचा डाग सपाट असतो. किडा सोंड खुपसून रस शोषतो, तिथे आधी पाणथळ ठिपका दिसतो आणि काही तासांतच तपकिरी होतो. एका पानावर असे डाग पुष्कळ आणि दाटीने असतात, आणि पान वळते. खालच्या बाजूला फुगवटा नाही, पांढरी मखमल नाही.

ब्राऊन आणि ग्रे ब्लाइट ही जून पानांची दुखणी. ग्रे ब्लाइटच्या डागात बहुधा एकात एक वलये आणि बारीक काळे ठिपके असतात. रेड रस्ट हा तर बुरशीचा रोगच नव्हे. तांबेऱ्यासारखा दिसला तरी तो शेवाळाच्या जातीतला आहे.

यांतून एक गोष्ट निघते जी पान कापून काढलेल्या फोटोत कधीच मिळणार नाही: डाग फुटीतल्या कितव्या पानावर आहे. कळीपासून दुसऱ्या-तिसऱ्या पानावरचा डाग आणि झुडपाच्या पोटातल्या जाड, काळपट हिरव्या पानावरचा डाग हे दिसायला कितीही सारखे असले तरी त्यांची कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात. ऑफिसच्या टेबलावर पान पोचेपर्यंत ही माहिती हरवलेली असायची.

पर्याय

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, आणखी फोटो जमवून मॉडेल मोठे करायचे. व्यवस्थापकांचा कल तिकडे होता, कारण त्यात माणसांना काही नवे शिकवावे लागणार नव्हते. मी विरोध केला. कागद ओळखणारे मॉडेल मोठे केले तर ते कागद आणखी चांगला ओळखेल.

दुसरी वाट फोटो सोडून हवामानावर चालण्याची. ही जुनी आणि खरी पद्धत आहे. या बुरशीचे बीजाणू उन्हात टिकत नाहीत, म्हणून सलग काही दिवस ऊन सरासरी तीन-चार तासांच्या खाली राहिले की फवारणीची तयारी करतात. पण हवामान सगळ्या मळ्याला एकच उत्तर देते. कोणता प्लॉट आधी, हे ते सांगत नाही, आणि ढेकण्याबद्दल तर काहीच नाही.

तिसरी, फोटो काढण्याची रीतच बदलायची. यात देखरेखवाल्यांचे काम वाढत होते, आणि पावसात एका हाताने पान धरून दुसऱ्या हाताने फोन चालवणे सोपे नाही. तरीही आम्ही ही निवडली आणि हवामानाची नोंद सोबतीला ठेवली.

काय केले

एका फुटीचे तीन फोटो ठरवले. पहिला झुडपावरच, कळीपासून तिसऱ्या पानापर्यंत सगळे दिसेल असा. दुसरा त्यातल्या डागाच्या पानाची खालची बाजू, हातभर नव्हे तर वीतभर अंतरावरून. तिसरा पान आभाळाकडे धरून. पान खुडायचे नाही, कागद वापरायचा नाही. निरोगी फुटींचेही तसेच तीन, त्याच दिवशी, त्याच प्लॉटमध्ये, म्हणजे उजेड आणि ओल दोन्ही गटांत सारखी राहील.

मॉडेलला फोटो आता लहान करून न देता तुकड्यातुकड्यांत दिला, म्हणजे ठिपका टिकतो. पान कितवे, हे पहिल्या फोटोवरून वेगळे नोंदवले आणि निकाल देताना दोन्ही एकत्र धरले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो फोटोंना नाव देण्यात. फिका ठिपका पाहून दोन अनुभवी माणसेही एकमत होत नव्हती. एकजण ब्लिस्टर म्हणे, दुसरा ढेकण्याचा ताजा डाग. शंकेच्या फोटोवर बहुमताने नाव चिकटवले असते तर मॉडेल आमचा गोंधळच शिकले असते. तेव्हा आम्ही छाटलेल्या प्लॉटमध्ये, जिथे खुडणी नाही, ठिपके असलेल्या फुटींना रंगीत दोरे बांधले आणि दर दोन दिवसांनी त्याच पानाचे तीन फोटो काढले. ढेकण्याचे डाग दुसऱ्याच दिवशी तपकिरी होऊन तसेच राहिले. ब्लिस्टरचे ठिपके वाढले, आठवडाभराने खाली फुगले, मग पांढरे झाले. त्या पानाचे शेवटी जे झाले ते नाव आम्ही पहिल्या दिवसाच्या फोटोला दिले. एकशे दहा दोरे बांधले होते, पंधराएक वाऱ्यापावसात गेले. जे राहिले त्यांनी मॉडेलला आधीच्या अडीच हजार फोटोंपेक्षा जास्त शिकवले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ग्रे ब्लाइटची शंका असलेली जून पाने आम्ही ओल्या कागदावर बंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवली. काळ्या ठिपक्यांतून बीजाणूंचे काळे पुंजके बाहेर आले की नाव पक्के करायचे.

आणखी एक निर्णय उत्तरांबद्दल होता. मॉडेलला 'ओळखता येत नाही, खालच्या बाजूचा फोटो पुन्हा काढा' असे म्हणण्याची मुभा दिली. चुकीच्या उत्तराची किंमत दोन्हीकडे सारखी नव्हती. खुडणी चालू असलेल्या प्लॉटमध्ये ब्लिस्टर दोन दिवस उशिरा कळला तर बरीच रोगट फूट खुडणीतच निघून जाते. छाटलेल्या प्लॉटमध्ये तोच उशीर पुढच्या पिढीचे बीजाणू हवेत सोडतो. म्हणून छाटलेल्या प्लॉटसाठी थोड्या शंकेवरही इशारा द्यायचा आणि बाकीच्यांत खात्री झाल्यावर, असे दोन वेगळे उंबरठे ठेवले.

परिणाम

तिसऱ्या पावसाळ्यात परीक्षेसाठी मळ्याचा असा भाग निवडला जिथला एकही फोटो शिकवणीत नव्हता. ब्लिस्टरच्या दहा इशाऱ्यांतले आठ प्रत्यक्ष पाहणीत खरे निघाले. फुगवटा आलेल्या अवस्थेत चूक क्वचितच झाली. अर्धपारदर्शक ठिपके मात्र निम्म्याहून थोडे अधिकच सापडले, आणि तेही आभाळाकडे धरलेला फोटो नीट असेल तेव्हा. धुके फार दाट असले की त्या फोटोला मागून उजेडच मिळत नाही. रोगाला जे हवामान मानवते त्यातच आमचा सर्वांत उपयोगी फोटो कमकुवत होतो, आणि यावर आम्हाला अजून उपाय मिळालेला नाही.

ढेकण्याला ब्लिस्टर म्हणण्याची चूक त्या हंगामात दोनदा झाली. दोन्ही वेळा खालच्या बाजूचा फोटो काढलेला नव्हता.

छाटलेल्या दोन प्लॉटमध्ये फुगवटे येण्याआधी इशारा मिळाला आणि फवारणी वेळेवर झाली. तांब्याचे बुरशीनाशक पानावर आधीच असेल तर बीजाणूला रुजू देत नाही, आत शिरलेल्या बुरशीला ते पोचत नाही, त्यामुळे हे चार-पाच दिवस महत्त्वाचे असतात. खुडणी चालू असलेल्या तीन प्लॉटमध्ये इशारा आल्यावर व्यवस्थापकांनी फवारणीऐवजी खुडणीची फेरी दहा दिवसांवरून सातवर आणली. पांढरी मखमल यायच्या आत रोगट पाने निघून गेली. त्यांतल्या दोन प्लॉटमध्ये एवढ्यावर भागले. तिसऱ्यात नाही भागले. तो सिल्व्हर ओकच्या दाट सावलीत होता, पाने दुपारपर्यंत ओलीच राहायची, आणि पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या राहून गेल्या होत्या.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉफीबागेने हेच मॉडेल मागितले तेव्हा आम्ही नकार दिला. कॉफीचा तांबेरा हेमिलिया व्हास्टाट्रिक्स या खऱ्या तांबेऱ्याच्या बुरशीचा. तो वाढ झालेल्या पानांवरही येतो, वरून फक्त पिवळसर डाग दिसतो आणि नारिंगी भुकटी पानाखाली असते. कोवळ्या पानावरच शंका घ्यायला शिकलेले मॉडेल तिथे उलटे चालले असते. फोटो काढण्याची रीत तेवढी आम्ही त्यांना दिली: पान झुडपावरच ठेवा, वरचा आणि खालचा दोन्ही फोटो काढा, आणि पान फांदीवर कितवे ते दिसू द्या.

पुन्हा केले असते तर

पहिल्याच वर्षी परीक्षेचे प्लॉट वेगळे ठेवले असते. त्याला एक दुपार लागली असती आणि ढेकण्याच्या प्लॉटवरची फवारणी टळली असती. पान कापून टाकून फक्त मागचा कागद दाखवून पाहण्याची तपासणीही पहिल्या दिवशी करायला हवी होती.

दोरे बांधण्याचे काम पहिल्या पावसाळ्यातच सुरू करायला हवे होते. ते हंगामातून एकदाच करता येते, चुकले की वर्ष जाते.

आणि अक्कांबरोबर मी दुसऱ्या वर्षी चाललो, ते पहिला फोटो काढण्याआधी चालायला हवे होते. आता नव्या देखरेखवाल्यांना फोटो काढायला त्याच शिकवतात. फोन हातात देण्याआधी त्या प्रत्येकीकडून एका ओळीतल्या सगळ्या झुडपांची पाने नुसती उलटून पाहून घेतात आणि कुठल्या पानाखाली काय दिसले ते विचारतात.